वाय-फाय जोडलं, पण लॉगिनचं पानच येत नाही: स्टेशनवर आणि हॉटेलात काय करायचं

स्टेशनवर किंवा हॉटेलात वाय-फाय जोडलं की फोनवर बहुतेक वेळा एक पान आपोआप वर येतं. मोबाइल नंबर किंवा खोलीचा नंबर टाका, ओटीपी द्या, की नेट सुरू. तुमचं एवढ्यात भागत असेल तर पुढे वाचायची गरज नाही. खरी पंचाईत होते ती हे पान आलंच नाही तर. वरच्या पट्टीत वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते, सेटिंगमध्ये `Connected` लिहिलेलं असतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या मेसेजशेजारचं छोटं घड्याळ काही केल्या जात नाही. मग माणूस वाय-फाय बंद-चालू करत बसतो, नाहीतर "इथलं नेट बंदच आहे" म्हणून नाद सोडतो. बऱ्याचदा नेट चालू असतं, पान देणारी यंत्रणाही चालू असते. आपल्याच फोनमधलं किंवा लॅपटॉपमधलं एखादं सेटिंग त्या पानाला आडवं आलेलं असतं. ते कोणतं हे शोधायला ठराविक क्रम आहे. त्याच क्रमाने गेलात तर दोन-चार मिनिटांत उलगडा होतो.

पान येतं कसं?

मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. नवा माणूस दिसला की तो म्हणतो, "आधी वहीत नाव लिहा." सार्वजनिक वाय-फायमध्ये हे काम गेटवे नावाचं यंत्र करतं. तुम्ही कोणतीही वेबसाइट मागा, तुमची नोंद झालेली नसेल तर ते मधल्या मध्ये मागणी अडवतं आणि त्या वेबसाइटऐवजी स्वतःचं लॉगिनचं पान पुढे करतं.

मात्र असं अडवून दुसरंच पान देणं फक्त `http://` ने सुरू होणाऱ्या साध्या पत्त्याच्या बाबतीत जमतं. आज जवळपास सगळ्या वेबसाइट `https://` वर आहेत, म्हणजे गाडीच्या काचा बंद आणि दारं आतून लावलेली. वॉचमनला गाडी थांबवता येते, पण वही आत सरकवता येत नाही. म्हणून तुम्ही गुगल, बँक किंवा जीमेल उघडायला गेलात की लॉगिनचं पान न येता नुसतं चक्र फिरत राहतं, किंवा ब्राउझर वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल लाल इशारा देतो. त्या इशाऱ्याला डावलून पुढे जायचं नाही. त्या वाटेने लॉगिनचं पान मिळेल याचा भरवसा नसतो, आणि इशारे डावलायची सवय मात्र लागते.

फोन बनवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक आहे. म्हणून वाय-फाय जोडल्या जोडल्या फोन गुपचूप एका ठरलेल्या साध्या पत्त्यावर विचारणा करतो. अँड्रॉइड गुगलच्या एका पत्त्यावर जाऊन 204 या आकड्याचं कोरं उत्तर येतं का ते बघतो. आयफोन `captive.apple.com` वर जाऊन `Success` हा शब्द मिळतो का ते बघतो. विंडोजचा असाच पत्ता `www.msftconnecttest.com` आहे. अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर आलं की फोन ओळखतो की मध्ये लॉगिन आहे, आणि ते पान आपल्यापुढे आणतो. ही विचारणा कुठेतरी अडली की पान येत नाही. आपल्याला तीच हाताने करायची आहे.

पहिलं काम: वाय-फायने आपल्याला पत्ता दिलाय का?

गर्दीच्या स्टेशनवर हे सगळ्यात आधी बघा, कारण इथेच घोडं अडलं असेल तर पुढची कोणतीही युक्ती चालत नाही. वाय-फायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला गेटवेकडून एक आयपी अ‍ॅड्रेस मिळतो. अँड्रॉइडवर वाय-फायच्या नावाशेजारचं चक्र दाबा, आयफोनवर `i` दाबा, की तो दिसेल. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
ipconfig
```

`IPv4 Address` समोर 10, 172 किंवा 192.168 ने सुरू होणारा आकडा असेल तर सहसा ठीक आहे. तो 169.254 ने सुरू होत असेल तर गेटवेने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही, यंत्राने स्वतःच काहीतरी तात्पुरतं घेतलंय. फोनवर हेच `Obtaining IP address` असं बराच वेळ अडकलेलं दिसतं. एकाच वेळी किती यंत्रांना पत्ते द्यायचे याला मर्यादा असते, आणि दोन गाड्या लागोपाठ आल्या की ते संपतात. कधी आपण फलाटाच्या टोकाला असतो. फोनला वाय-फाय दिसतं, पण फोनचा क्षीण आवाज तिथवर पोचत नाही. दोन्हीवर उपाय सारखाच: वाय-फाय बंद करा, फलाटाच्या मधल्या भागात किंवा प्रतीक्षालयाकडे या आणि पुन्हा जोडा.

दुसरं काम: मोबाइल डेटा बंद

ही गोष्ट सांगूनही लोक करत नाहीत, कारण वाय-फाय जोडलं की मोबाइल डेटा आपोआप बाजूला होतो असा सगळ्यांचा समज असतो. तसं नसतं. वाय-फायवर अजून लॉगिन झालेलं नाही, पलीकडे नेट नाही, हे फोनला कळलेलं असतं. म्हणून तो शहाणपणा करून ब्राउझरची मागणी मोबाइल डेटावरून पाठवतो. तुम्ही लॉगिनचं पान शोधायला काहीही उघडा, ती वेबसाइट डेटावरून छान उघडते आणि गेटवेपर्यंत मागणी जातच नाही. मग वाटतं, नेट तर चालू आहे! चालू असतं ते तुमच्या सिमचं.

तेव्हा वरून पट्टी ओढा आणि मोबाइल डेटा बंद करा. एअरप्लेन मोड मात्र लावू नका, ओटीपी यायचाय. साध्या एसएमएसला डेटा लागत नाही, मोबाइलचं नेटवर्क तेवढं लागतं. एक अपवाद म्हणजे काही ठिकाणी ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तो डेटा बंद असताना येणार नाही. त्या पानावर एसएमएसचा पर्याय असेल तर तोच निवडा.

तिसरं काम: साधा पत्ता हाताने टाइप करा

आता ब्राउझर उघडा. वर शब्द टाकून शोधू नका, तो शोध `https` वरूनच जातो. पत्त्याच्या पट्टीत यातला एक पत्ता सुरुवातीच्या `http://` सकट अक्षर न् अक्षर टाइप करा:

```
http://neverssl.com
http://captive.apple.com
```

पहिली वेबसाइट खास याच कामासाठी मुद्दाम साधी ठेवलेली आहे. दुसरी अ‍ॅपलची असली तरी अँड्रॉइडवर आणि विंडोजवरही चालते, आणि माझी पसंती तिलाच आहे, कारण तिचं उत्तर अगदी स्वच्छ असतं. लॉगिनचं पान आलं तर काम झालं. कोऱ्या पानावर नुसतं `Success` आलं तर वाट मोकळी आहे, तुम्ही आत आहात, आणि एखादं अ‍ॅप चालत नसेल तर दुखणं दुसरीकडे आहे. अर्थात मोबाइल डेटा बंद असेल तरच या `Success` ला अर्थ आहे. लॅपटॉपवर विंडोजवाल्यांनी `http://www.msftconnecttest.com/redirect` टाकलं तरी चालेल. नेट खुलं असेल तर थेट एमएसएनचं पान उघडतं.

साधा पत्ता टाकल्यावर ब्राउझर `Not secure` असं म्हणेल किंवा "हे पान सुरक्षित जोडणीवर नाही, पुढे जायचं का?" असं विचारेल. इथे पुढे जायला हरकत नाही, कारण आपण जाणूनबुजून साधा पत्ता उघडतोय आणि त्यावर काही गुपित लिहिणार नाही. वर म्हटलेला प्रमाणपत्राचा इशारा निराळा. त्यात `Your connection is not private` असं लिहिलेलं असतं आणि खाली `NET::ERR_CERT` ने सुरू होणारा कोड असतो. तो दिसला तर मागे फिरा. क्रोम कधीकधी अशा वेळी स्वतःच ओळखतो की हे लॉगिनचं प्रकरण आहे, आणि `Connect` असं बटण देतो. ते दाबायला हरकत नाही.

चौथं काम: व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस

साध्या पत्त्यानेही पान आलं नाही तर संशयाची सुई इकडे वळते. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर असतं. ते सगळी रहदारी आपल्या बोगद्यातून न्यायला बघतं आणि लॉगिन होईपर्यंत बोगदा सुरूच होऊ शकत नाही. त्याला तात्पुरतं थांबवा, लॉगिन करा, परत चालू करा. ऑफिसने ते बंद करण्याची सोयच ठेवली नसेल तर आयटीवाल्यांना फोन करण्यावाचून इलाज नाही. तोवर फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागवा.

फोनवर लपून बसलेला गुन्हेगार म्हणजे `Private DNS`. जाहिराती बंद करायला म्हणून कुणीतरी व्हिडिओ बघून तिथे एक नाव टाकलेलं असतं आणि मग ते विसरून गेलेलं असतं. घरी त्याने काही बिघडत नाही. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी सेवा. तुमचा फोन हट्टाने बाहेरच्याच डीएनएसला विचारायला जातो, आणि गेटवे लॉगिनआधी बाहेर कुठेच जाऊ देत नाही. परिणामी फोनला एकही नाव ओळखता येत नाही, लॉगिनच्या पानाचंसुद्धा. अँड्रॉइडवर `Settings › Network & internet › Private DNS` इथे जाऊन `Automatic` निवडा. सॅमसंगवर हे `Connections › More connection settings` मध्ये असतं. लॉगिन झाल्यावर जुनं नाव परत टाकलंत तरी चालेल.

मावशीचा लॅपटॉप

लॅपटॉपवर हेच दुखणं कसं दिसतं आणि कसं पकडायचं, ते एका उदाहरणाने सांगतो. माझी मावशी कामासाठी छत्रपती संभाजीनगरला एका हॉटेलात उतरली होती. रात्री तिचा फोन आला.

"अरे, फोनवर लगेच लागलं, पण लॅपटॉपवर ते पानच येईना. रिसेप्शनवाला म्हणतो बाकी सगळ्यांचं चालू आहे."

"फोनवर चालतंय म्हणजे हॉटेलचं ठीक आहे, मावशी. तू लॅपटॉपवर काळी खिडकी उघड आणि `ipconfig` टाक. `IPv4` समोर काय लिहिलंय?"

तिथे 172.16 ने सुरू होणारा आकडा होता, म्हणजे पत्ता मिळालेला. व्हीपीएन नव्हतं. मग `http://neverssl.com` उघडायला सांगितलं. पान आलं नाही आणि खाली बारीक अक्षरात `DNS_PROBE` ने सुरू होणारा कोड दिसला. हा कोड महत्त्वाचा. लॅपटॉप गेटवेपर्यंत पोचतोय, पण त्याला नावाचा पत्ता कळत नाहीये, असा त्याचा अर्थ. खात्री करायला नावाऐवजी थेट आकडाच टाकायला सांगितला: `http://1.1.1.1`. आकड्याला डीएनएस लागत नाही, त्यामुळे मागणी निघाली, गेटवेने ती अडवली आणि वरच्या पट्टीतला पत्ता बदलून तिथे हॉटेलच्या लॉगिनच्या पानाचं नाव आलं. पान मात्र तरीही उघडलं नाही, कारण आता त्या नाव असलेल्या पत्त्याला पुन्हा डीएनएस हवं होतं.

"मावशी, घरी कुणी नेट फास्ट करायला म्हणून काही बदललं होतं का यात?"

"हो, मागे दादानेच काहीतरी आठ-आठ-आठ टाकलं होतं."

तेच ते. दादाने 8.8.8.8 हा गुगलचा डीएनएस टाकला होता. विंडोज 11 मध्ये हा बदल दोन ठिकाणी करता येतो. वाय-फायच्या नावाखालच्या `properties` मध्ये केला तर तो त्या एका वाय-फायपुरता राहतो. `Hardware properties` मध्ये केला तर तो सगळ्या वाय-फायला लागू होतो आणि तुमच्याबरोबर गावोगाव हिंडतो. दादाने दुसऱ्या ठिकाणी केला होता. `Settings › Network & internet › Wi-Fi › Hardware properties` इथे `DNS server assignment` समोरचं `Edit` दाबून `Automatic (DHCP)` निवडलं, वाय-फाय तोडून परत जोडलं, आणि पान आपणहून उघडलं.

मग पुढचं नाटक. खोलीचा नंबर आणि आडनाव टाकलं तर पान म्हणे, चुकीचं आहे. याचं कारण तुमच्या-आमच्या नावांत आहे. हॉटेलचं लॉगिन ही माहिती रिसेप्शनच्या संगणकातल्या नोंदीशी ताडून बघतं. तिथे आडनावाच्या रकान्यात कुणी काय भरलंय त्यावर सगळं अवलंबून. आपलं नाव तीन शब्दांचं. घाईत भरणारा मधलं नाव आडनावाच्या जागी टाकतो, किंवा तिन्ही शब्द एकाच रकान्यात बसवतो. बुकिंग ऑफिसने किंवा अ‍ॅपवरून कुणी दुसऱ्याने केलं असेल तर त्याचंच आडनाव चालतं. क्षीरसागरसारख्या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तर लिहील तितकी. मावशीच्या नोंदीत काकांचं नाव आडनाव होऊन बसलं होतं. ते टाकल्यावर नेट सुरू झालं.

म्हणून हॉटेलात "चुकीचं आहे" असं आलं तर अंदाज करत बसण्यापेक्षा रिसेप्शनला थेट विचारा: "तुमच्या सिस्टिममध्ये माझं आडनाव कसं लिहिलंय, स्पेलिंग सांगा." चावी हातात पडून पाचच मिनिटं झाली असतील तर त्यांनी चेक-इनची नोंद अजून पूर्ण केली नसेल. मग थोडं थांबा. आणि खोली बदलून दिली असेल तर जुना नंबरही एकदा टाकून बघा.

स्टेशनवर: रेलवायर

रेल्वे स्टेशनांवरचं वाय-फाय रेलटेल ही रेल्वेची सरकारी कंपनी `RailWire` या नावाने चालवते. गुगलच्या साथीने याची सुरुवात जानेवारी 2016 मध्ये आपल्या मुंबई सेंट्रलपासून झाली. गुगल 2020 मध्ये बाहेर पडलं, पण सेवा चालू राहिली आणि हजारो स्टेशनांवर पसरली. दिवसातला पहिला अर्धा तास फुकट. पुढे हवं असेल तर पैसे भरून प्लॅन घ्यायचा. 2021 मध्ये हे प्लॅन आले तेव्हा सगळ्यात लहान दहा रुपयांचा होता. आज तुमच्यासमोर पानावर जो दर दिसेल तो खरा.

पायऱ्या सोप्या आहेत. `RailWire` निवडा, पान आलं की मोबाइल नंबर टाका, अटींपुढे खूण करा, ओटीपी मागवा, तो टाका. लोक अडकतात ते ओटीपीपाशी, आणि त्यात आयफोनवाले जास्त. आपोआप वर आलेलं पान हे नेहमीचं ब्राउझर नसतं, फोनने तेवढ्यापुरती उघडलेली एक छोटी खिडकी असते. ओटीपी बघायला तुम्ही मेसेजमध्ये गेलात की ही खिडकी बंद होऊ शकते, आणि परत आलात की सगळं पहिल्यापासून. म्हणून तिथून हलू नका. ओटीपी आला की वरून सरकणाऱ्या सूचनेत तो वाचा, किंवा रकान्यावर बोट ठेवा, म्हणजे कीबोर्डच्या वर तो आपोआप सुचवला जातो. तरीही खिडकी गेलीच, तर वाय-फायच्या यादीत त्याच नावावर पुन्हा टिचकी मारा. खिडकी सतत दगा देत असेल तर `Cancel` दाबून `Use Without Internet` निवडा आणि सफारीत वर सांगितलेला साधा पत्ता उघडा. तिथून मेसेजमध्ये जाऊन परत आलात तरी पान जागेवर राहतं.

ओटीपी उशिरा आला म्हणून `Resend` वर बोट आपटत राहू नका. शेवटचा मागवलेला तेवढाच चालतो. उशिराने आधीचे दोन येऊन पडतात आणि आपण नेमका जुना टाकतो. बराच वेळ काहीच आलं नाही तर मेसेज अ‍ॅपमधलं स्पॅमचं खातंही उघडून बघा.

परदेशातून आलेल्यांची इथे अडचण होते. सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवावी असा दूरसंचार विभागाचा 2009 पासूनचा नियम आहे, आणि मोबाइलवरचा ओटीपी हा त्याचा सोपा मार्ग. अमेरिकेचा किंवा दुबईचा नंबर घेऊन आलेल्या पाहुण्याला बहुतेक ठिकाणी तो रकानाच दाद देत नाही. बरोबरच्या नातेवाइकाच्या नंबरवर ओटीपी मागवतात, चालतंही, पण त्या फोनवरून जे काही होईल त्याची नोंद नातेवाइकाच्या नावावर जाते हे दोघांनी समजून करावं. हॉटेलात तसं करायची गरज नाही. पासपोर्ट दाखवून रिसेप्शनकडून कूपन किंवा तात्पुरतं युजरनेम मिळतं का, ते विचारा.

आणखी एक. प्लॅनचे पैसे भरताना यूपीआय अ‍ॅप उघडत नसेल तर घाबरू नका, लॉगिनआधी त्या अ‍ॅपलाही नेट नसतं. त्या वेळेपुरता मोबाइल डेटा चालू करा.

खोटं पान कसं ओळखायचं?

वाय-फायला कुणीही काहीही नाव देऊ शकतं, त्यामुळे नुसतं `RailWire` किंवा हॉटेलचं नाव दिसलं म्हणून ते त्यांचंच असेल असं नाही. पान काय मागतंय त्यावरून ओळखा. नंबर, ओटीपी, खोली, आडनाव, कूपन, फार तर ई-मेलचा पत्ता एवढं ठीक. ई-मेलचा पासवर्ड, आधारचा नंबर, यूपीआय पिन, किंवा "आधी हे अ‍ॅप उतरवा", "हे प्रमाणपत्र बसवा" असं काही मागितलं तर वाय-फाय तोडा आणि यादीतून त्याचं नाव काढून टाका. आलेल्या ओटीपीचा मेसेजही पूर्ण वाचा. त्यात वाय-फायऐवजी बँकेचं, व्हॉट्सअ‍ॅपचं किंवा पैशाच्या व्यवहाराचं नाव असेल तर समोरच्याने तुमच्या नंबरावरून दुसरंच काहीतरी सुरू केलंय. तो ओटीपी तिथे टाकायचा नाही.

लॉगिन झालं, पण टिकत नाही

गेटवे तुम्हाला नावाने नाही, तर यंत्राच्या मॅक अ‍ॅड्रेस या ओळखक्रमांकावरून लक्षात ठेवतं. आताचे फोन खासगीपणासाठी खरा मॅक अ‍ॅड्रेस लपवून प्रत्येक वाय-फायला वेगळा बनावट देतात. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण मुक्कामात तो मध्येच बदलला तर हॉटेलला वाटतं हे नवीन यंत्र आलं. मग रोज सकाळी नव्याने लॉगिन करावं लागतं, किंवा "एका खोलीला दोनच यंत्रं" अशी मर्यादा असेल तर तुमचाच फोन तुमच्या खोलीचा तिसरा पाहुणा ठरतो. आयफोनवर त्या वाय-फायच्या `i` मध्ये `Private Wi-Fi Address` समोर `Rotating` असेल तर मुक्कामापुरतं `Fixed` करा. मर्यादा आधीच भरली असेल तर रिसेप्शनला जुनी यंत्रं काढून टाकायला सांगा, त्यांना ते करता येतं.

लॅपटॉप झाकून तासाभराने उघडल्यावर नेट गेलेलं दिसलं तर बहुधा वेळ संपलेली असते. परत सगळ्या पायऱ्या करायची गरज नाही, `http://captive.apple.com` उघडा, पान लगेच येईल. आणि निघताना ते वाय-फाय `Forget` करून टाका. नाहीतर पुढच्या वेळी लोकल त्या स्टेशनात शिरली की फोन आपणहून त्याला चिकटतो, लॉगिन झालेलं नसतं, आणि चालू असलेला व्हिडिओ कॉल अडखळला की आपण उगाच सिमला शिव्या देतो.